थंबनेलवर अळी, व्हिडिओत भुंगेरा

ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्यासाठी केलेला एक यूट्यूब व्हिडिओ धरून चालू. बोलणारा माणूस स्वच्छ मराठीत बोलतोय, विषय हुमणीचा. टायटल आहे ‘हुमणीचा कायमचा बंदोबस्त, 100% रिझल्ट’. थंबनेलवर मातीतून उकरून काढलेली पांढरी, जाडजूड, अंग मुडपून पडलेली अळी, तिच्या शेजारी पिवळा पडलेला ऊस आणि वर ठसठशीत हिंदी अक्षरांत ‘हुमणी का सफाया’. डिस्क्रिप्शनमध्ये गेल्या आठवड्यातल्या कांदा चाळीच्या व्हिडिओचा मजकूर तसाच राहिलाय. टॅगमध्ये सोयाबीन, कापूस, पीएम किसान, आजचे कांदा बाजारभाव. भाषेच्या रकान्यात Hindi. आणि प्रत्यक्ष व्हिडिओत काय आहे? वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे कसे गोळा करायचे, याची सात मिनिटांची चोख माहिती.

माहिती चोख आहे, म्हणूनच चीड येते. भिकार व्हिडिओला भिकार टायटल असलं तर कुणाचं काय जातं? इथे मात्र ज्याने उन्हातान्हात हिंडून चित्रण केलं, झाडाखाली उभं राहून फांद्या हलवून दाखवल्या, त्यानेच शेवटच्या दहा मिनिटांत पाच रकाने पाच दिशांना तोंड करून भरले आणि `Publish` दाबलं. असे व्हिडिओ अपवाद म्हणून सापडत नाहीत. मराठी शेती, पाककृती, सरकारी योजना, स्पर्धा परीक्षा, कुठल्याही विषयाच्या यादीत शिरा, पाच मिनिटांत एक तरी हाती लागेल.

या उदाहरणातला सगळ्यात मोठा घोळ कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण भाषेकडे किंवा त्या कांद्याच्या मजकुराकडे बोट दाखवतील. माझं बोट थंबनेलकडे जाईल. तिथे अळी हुमणीचीच आहे, ऊसही खराच आहे, फोटो कदाचित त्याच शिवारातला असेल. तरीही तो फोटो या व्हिडिओवर चालणार नाही. का, ते कळायला हुमणीचं वर्षभराचं वेळापत्रक डोळ्यासमोर हवं.

हुमणीची एक पिढी पूर्ण व्हायला साधारण वर्ष लागतं. मे-जूनमध्ये पहिल्या वळवाच्या सरी पडल्या की जमिनीत दडलेले भुंगेरे संध्याकाळी बाहेर येतात, कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात आणि तिथेच त्यांचं मीलन होतं. मग मादी जमिनीत अंडी घालते. अंड्यांतून निघालेली अळी पावसाळाभर वाढत जाते आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तिसऱ्या अवस्थेत पोचली की उसाची मुळं फस्त करते. ऊस पिवळा पडतो, वाळतो, बेट हाताने ओढलं तरी उपटून येतं. थंबनेलवरचा फोटो या काळातला आहे. व्हिडिओतला उपाय त्याच्या दोन-तीन महिने आधीचा आहे, अळी जन्मालाच येऊ नये म्हणून करायचा.

आता ऑगस्टमध्ये ज्याचं बेट उपटून हातात आलंय, तो शेतकरी फोनवर हुमणी शोधतो. थंबनेलवर त्याला नेमकी आपल्या शेतातली अळी दिसते. तो व्हिडिओ उघडतो आणि समोरचा माणूस त्याला सांगतो की संध्याकाळी कडुलिंबाच्या फांद्या हलवा. त्याच्या दृष्टीने ती थट्टाच झाली. तो वीस सेकंदांत बाहेर पडतो. आणि ज्याला हा व्हिडिओ मे महिन्यात खरोखर उपयोगी पडला असता, तो मे महिन्यात अळीचा फोटो बघून पुढे सरकतो, कारण त्याच्या उसात तेव्हा अळीचा मागमूस नाही. चुकीचा माणूस आत येतो, बरोबर माणूस बाहेर राहतो. विषय एकच असूनही असं होतं.

म्हणून प्रकाशनाआधीच्या तपासणीत ‘सगळीकडे हुमणी लिहिलंय ना?’ एवढंच बघून भागत नाही. पाचही ठिकाणी एकच वचन दिलंय का, हे बघावं लागतं. कुणासाठी, कुठल्या वेळी, काय करायला शिकवणार, हे ते वचन.

ते वचन आधी कागदावर उतरवा. व्हिडिओ तयार झाला की तो एकदा सलग पाहा आणि एका वाक्यात लिहा की या व्हिडिओतून बघणाऱ्याला काय मिळतं. आपल्या उदाहरणात ते वाक्य असं होईल: ‘ऊस उत्पादकाने वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे झाडांवरून कसे गोळा करावेत आणि कसे नष्ट करावेत.’ वाक्य पाहिलेल्या व्हिडिओवरून लिहायचं, डोक्यातल्या मूळ कल्पनेवरून लिहायचं नाही. चित्रणाला निघताना मनात हुमणीचं संपूर्ण नियंत्रण असतं, परत येताना हातात भुंगेऱ्यांचं चित्रण असतं, आणि टायटल मात्र जुन्या कल्पनेलाच चिकटलेलं असतं. ‘कायमचा बंदोबस्त’ हे शब्द तिथूनच येतात. भुंगेरे गोळा केल्याने पुढच्या अळ्या कमी होतात. कायमचा बंदोबस्त होत नाही. भुंगेरा उडतो, त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने आपल्या बांधावरची झाडं झोडपली तरी शेजारच्या शिवारातून नवे येतात. गावाने मिळून सलग काही संध्याकाळी हे करायचं असतं, आणि व्हिडिओत तो माणूस हे सांगतोही. मग टायटलमध्ये उलटं कशाला?

वाक्य हाताशी आलं की एकेक रकाना त्याच्याशी ताडायचा. रकाने एकमेकांशी ताडत बसू नये. पाचही जण संगनमताने एकच खोटं बोलू शकतात: टायटल ‘कायमचा बंदोबस्त’, थंबनेलवर ‘कायमचा बंदोबस्त’, डिस्क्रिप्शनमध्ये तेच, टॅगमध्ये तेच. कागदोपत्री सगळं जुळलं आणि व्हिडिओ मात्र वेगळाच.

टायटलला यूट्यूब 100 अक्षरांची जागा देतं, पण फोनवर ते सगळं दिसेलच असं नाही. लांब झालं की शेपूट कापलं जातं. म्हणून कामाचे शब्द आधी. ‘उसातली हुमणी: वळवाच्या पावसानंतर भुंगेरे असे गोळा करा’ यात पीक आलं, कीड आली, वेळ आली, काम आलं. ‘100% रिझल्ट’ गेलं, आणि जाऊ दे, कारण त्याला व्हिडिओत कुठेच आधार नाही.

थंबनेलवर आता काय हवं? संध्याकाळचा अंधार, बॅटरीच्या उजेडात कडुलिंबाची फांदी, तिच्यावर बसलेले तपकिरी भुंगेरे, खाली धरलेली बादली. हे चित्र व्हिडिओतच आहे, तिथूनच उचलायचं. अक्षरं तीन-चार शब्दांपेक्षा जास्त नकोत: ‘आत्ताच गोळा करा’. टायटलमधलं वाक्य थंबनेलवर पुन्हा छापण्यात जागा वाया जाते, कारण दोन्ही एकाच वेळी एकाच नजरेत येतात. एकाने दाखवावं, दुसऱ्याने सांगावं. दोघांचे शब्द निराळे असले तरी चालतात, गोष्ट एक हवी. अक्षरं उजव्या खालच्या कोपऱ्यात घालू नका, तिथे व्हिडिओच्या लांबीचा काळा चौकोन बसतो आणि तो नेमका ‘करा’ खाऊन टाकतो. चित्र 1280 बाय 720 पिक्सेलचं करतात, पण ते संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहून पसंत करू नका. फोनवर, हात लांब करून, उन्हात पाहा. तुमचा प्रेक्षक तसाच बघणार आहे.

आणि त्या ‘हुमणी का सफाया’चं काय करायचं? पुसायचं. हिंदी थंबनेल, मराठी आवाज, हे आपल्याकडे साथीसारखं पसरलंय. हिंदीत लिहिलं की जास्त लोक येतात, हा त्यामागचा हिशेब. येतातही. हिंदी वाचून आलेला माणूस पहिलं मराठी वाक्य ऐकतो आणि निघून जातो, आणि मराठी शेतकरी हिंदी बघून समजतो की हा उत्तरेकडचा कुणीतरी आहे, आपल्या उसाचं याला काय कळणार. दोन्हीकडून नुकसान.

डिस्क्रिप्शनमध्ये 5000 अक्षरं मावतात आणि लोक ती भरतातही: फेसबुकची लिंक, टेलिग्रामची लिंक, ‘व्हिडिओ आवडल्यास लाइक करा’, कायदेशीर सूचना, आणि मग तळाशी कुठेतरी विषय. बघणाऱ्याला मात्र `...more` वर बोट ठेवण्याआधी सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. तुमचं ते एक वाक्य, थोडं सैल करून, तिथे पहिल्या ओळीत जायला हवं. त्याखाली कोणती झाडं, कोणती वेळ, बादलीत काय, गावाने मिळून का, हे चार ओळींत. प्रकरणं पाडायची असतील तर वेळा लिहा. पहिली वेळ `00:00` असावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक तुकडा निदान दहा सेकंदांचा लागतो, नाहीतर यूट्यूब ती प्रकरणं मानत नाही.

```
00:00 भुंगेरे बाहेर कधी येतात
01:10 कोणत्या झाडांवर बघायचं
02:45 फांद्या हलवून गोळा कसे करायचे
05:20 रॉकेल मिसळलेल्या पाण्यात नष्ट करणं
06:15 गावाने मिळून का करायचं
```

या पाच ओळींचा आणखी एक फायदा आहे. त्या लिहिताना माणसाला स्वतःचाच व्हिडिओ पुन्हा तपासावा लागतो. पाचही ओळींत अळी कुठे आली नाही, हे इथे डोळ्यांना दिसतं, आणि थंबनेलवरचा फोटो बदलावा लागणार हे इथेच कळतं.

कांदा चाळीचा मजकूर तिथे आला कुठून? दोन वाटा आहेत. अपलोड करताना वर `Reuse details` नावाचं बटण असतं. ते दाबलं की जुन्या व्हिडिओचा तपशील नव्यावर उतरवता येतो. काम झटपट होतं आणि बदलायचं राहून जातं. दुसरी वाट जास्त फसवी. स्टुडिओच्या `Settings` मध्ये `Upload defaults` असतात. चॅनल सुरू करताना कुणी भाच्याने, कुणी मित्राने तिथे एकदा डिस्क्रिप्शन, टॅग आणि भाषा भरून ठेवलेली असते, आणि पुढे अपलोड होणाऱ्या व्हिडिओंच्या रकान्यांत ती आपोआप येऊन बसते. रकाना रिकामा दिसला तर माणूस भरतो. भरलेला दिसला की बघतही नाही. ज्या चॅनलच्या व्हिडिओंखाली तेच ते टॅग आणि तीच चुकीची भाषा सापडते, तिथे आधी हे पान उघडा. डिस्क्रिप्शनच्या मूळ साच्यात फक्त चॅनलचा पत्ता ठेवा, टॅग सगळे काढून टाका, भाषा मराठी करा. एकदाचं हे काम केलं की पुढची बरीच कटकट मिटते.

टॅगवर फार वेळ घालवू नका. यूट्यूबच स्वतःच्या मदत पानांवर सांगतं की व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो आणि लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग हमखास चुकवतात तिथे त्यांचा उपयोग होतो. आपल्यासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण मराठी माणूस फोनवर बऱ्याचदा रोमन अक्षरांत शोधतो आणि प्रत्येकाची रोमन मराठी वेगळी. तेव्हा `humani`, `humni`, `humni us`, ‘हुमणी’, ‘हुमनी’, ‘ऊस हुमणी’, ‘हुमणी भुंगेरे’ एवढं लिहा आणि थांबा. सोयाबीन नको, पीएम किसान नको, बाजारभाव नको. टॅगची जागा एकूण 500 अक्षरांची आहे, ती भरलीच पाहिजे असा नियम नाही. व्हिडिओशी संबंध नसलेले टॅग आणि डिस्क्रिप्शनमध्ये ओतलेला शब्दांचा ढीग, दोन्ही यूट्यूबच्या फसवणूकविरोधी धोरणात बसतात. हॅशटॅगचंही तसंच: एका व्हिडिओवर 60 पेक्षा जास्त झाले की यूट्यूब ते सगळेच्या सगळे दुर्लक्षित करतं. दोन-तीन पुरेत.

भाषेच्या रकान्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तो दिसत नाही आणि जे दिसत नाही ते कुणी तपासत नाही. अपलोडच्या पानावर खाली `Show more` दाबल्याशिवाय तो उघडतच नाही. तिथे भाषेच्या दोन जागा आहेत: `Video language` म्हणजे व्हिडिओत बोलली जाणारी भाषा आणि `Title and description language` म्हणजे टायटल-डिस्क्रिप्शन ज्या भाषेत लिहिलंय ती. आपल्या उदाहरणात दोन्ही ठिकाणी Marathi हवं.

Hindi ठेवलं तर काय होतं, ते पाहा. यंत्र आपोआप कॅप्शन करायला बसतं तेव्हा तुम्ही सांगितलेल्या भाषेतले शब्द ऐकण्याचा प्रयत्न करतं. मराठी आवाजावर हिंदी शब्द बसवायला गेलं की जे तयार होतं त्यात ‘भुंगेरे’ सापडत नाहीत, ‘वळीव’ सापडत नाही, ‘बेट’ तर नाहीच. ज्याला कमी ऐकू येतं, जो एसटीत आवाज बंद करून बघतो, त्याच्या हाती ही खिचडी पडते. कॅप्शन सुरू करून पहिलं मिनिट वाचून बघा. भाषा चुकीची लावली असेल तर तिथेच उघडी पडते. कॅप्शन आलीच नाहीत किंवा आलेली बिनकामाची असतील तर स्वतः लिहून चढवा. सात मिनिटांच्या व्हिडिओला एका संध्याकाळचं काम आहे, आणि कीड, झाड, प्रमाण यांचे शब्द त्यात अचूक असतील.

हिंदी प्रेक्षक हवाच असेल, तर त्याला सरळ मार्ग आहे. बोलण्याची भाषा मराठीच ठेवा, हिंदी उपशीर्षकं वेगळी चढवा आणि टायटल-डिस्क्रिप्शनचं हिंदी भाषांतर त्याच्या जागी द्या. मग ज्याचं यूट्यूब हिंदीत आहे त्याला हिंदी टायटल दिसू शकतं, मराठी माणसाला मराठी. फक्त भाषांतर जोडलंत की तुमच्या तपासणीत आणखी एक रकाना वाढला हे लक्षात ठेवा. मराठी टायटल दुरुस्त करून ‘भुंगेरे गोळा करा’ केलं आणि हिंदी भाषांतरात जुना ‘सफाया’ तसाच राहिला, असं सर्रास होतं. मूळ बदललं म्हणून भाषांतर आपोआप बदलत नाही.

हे सगळं कधी तपासायचं? व्हिडिओ चढवून `Private` किंवा `Unlisted` ठेवलेला असताना. घाई असेल तर वेळ लावून ठेवा, ठरलेल्या वेळेपर्यंत तो खासगीच राहतो. `Unlisted` व्हिडिओ ज्याच्याकडे लिंक आहे त्याला बघता येतो, म्हणून पुढच्या परीक्षेसाठी तो चांगला.

ती परीक्षा अशी. ज्याने व्हिडिओ पाहिलेला नाही अशा एका माणसाला, शक्यतो ऊस लावणाऱ्याला, फोनवर फक्त थंबनेल आणि टायटल दाखवा आणि विचारा, ‘काका, यात काय सांगितलं असेल?’ त्याचं उत्तर शब्दशः लिहून घ्या. मग लिंक देऊन पहिलं अर्धं मिनिट दाखवा आणि विचारा, ‘तुम्हाला वाटलं तेच आहे का?’ काकांनी ‘अळीवर औषध सांगितलं असेल’ म्हटलं, तर थंबनेल नापास. काकांनी बरोबर सांगितलं पण अर्ध्या मिनिटात विषयच आला नाही, तर चूक व्हिडिओच्या सुरुवातीत आहे. ‘नमस्कार मंडळी, चॅनलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबा’ यात पंचवीस सेकंद गेले की बाहेरचं वचन आत शिरेपर्यंत माणूस गेलेला असतो. ते पहिलं वाक्य कापा. पहिल्या दहा सेकंदांत तुमचं ते एक वाक्य बोललं गेलं पाहिजे.

घरच्या माणसाला ही परीक्षा देऊ नका. त्याने चित्रण पाहिलेलं असतं, तो पास करणारच.

व्हिडिओ जाहीर झाल्यावर चूक कळते ती आकड्यांतून. थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्याच्या किती टक्के वेळा लोकांनी ते दाबलं, हा आकडा स्टुडिओत मिळतो. यूट्यूबच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा हा आकडा 2 ते 10 टक्क्यांच्या दरम्यान असतो, तेव्हा 5 टक्के बघून नाचू नका आणि 3 टक्के बघून रडू नका. तो आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्याशेजारी तिसाव्या सेकंदाला किती लोक टिकले हे ठेवा. दाबणारे भरपूर आणि तीस सेकंदांत निम्म्याहून अधिक गायब, तर बाहेर दिलेलं वचन आत पाळलेलं नाही असा पहिला संशय घ्या. दाबणारे थोडे पण जे आले ते शेवटपर्यंत बसले, तर व्हिडिओ चांगला आहे आणि त्याचं बाहेरचं रूप योग्य माणसाला हाक मारत नाही. दोन्ही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

तिसरी खूण सगळ्यात बोलकी. प्रेक्षक कुठून आले या माहितीत `YouTube search` उघडलं की लोकांनी कोणते शब्द टाइप करून तुमचा व्हिडिओ गाठला ते दिसतं. तिथे ‘हुमणी अळी औषध’ वरच्या क्रमांकावर असेल आणि तुमच्या व्हिडिओत औषधाचा शब्द नसेल, तर तुम्ही त्या माणसांना फुकट चालवलंत. यावर उपाय दोन: टायटल-थंबनेल दुरुस्त करा, आणि औषध विचारणारे एवढे आहेत तर अळीच्या अवस्थेवर दुसरा व्हिडिओ करा. आधीचा तो अळीचा फोटो त्या दुसऱ्या व्हिडिओवर शोभेल. टायटल, डिस्क्रिप्शन, टॅग, थंबनेल, भाषा, सगळं जाहीर झाल्यावरही बदलता येतं. व्हिडिओची फाइल मात्र त्याच लिंकवर बदलून मिळत नाही. फार तर काही भाग कापता येतो. म्हणजे बाहेरचं आतल्याशी जुळवणं कधीही शक्य आहे, आतलं बाहेरच्याशी जुळवणं जवळपास अशक्य. तरी पहिल्या दिवशीच जुळलेलं बरं. मे महिन्यातला पाऊस तुमच्या दुरुस्तीसाठी थांबत नाही.

‘पण ओढून-ताणून टायटल लावणाऱ्यांनाच व्ह्यूज मिळतात’, हा युक्तिवाद नेहमीचा आहे आणि तो जुना झालाय. यूट्यूबने 2012 मध्येच शिफारशींचा पाया नुसत्या क्लिकवरून बघण्याच्या वेळेवर हलवला. हल्ली एका व्हिडिओला तीन थंबनेल लावून त्यांची आपसांत परीक्षा घेण्याची सोय आहे, तिथेही विजेता ठरतो तो बघण्याच्या वेळेच्या वाट्यावर. आणि डिसेंबर 2024 मध्ये यूट्यूबने खास भारतासाठी जाहीर केलं की टायटल किंवा थंबनेलवर जे सांगितलंय ते व्हिडिओत नसेल, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, तर असे व्हिडिओ काढून टाकले जातील. सुरुवातीला चॅनलला स्ट्राइक न देता. त्यांनी दिलेलं उदाहरण राष्ट्रपतींच्या राजीनाम्याचं होतं: टायटलमध्ये राजीनामा, व्हिडिओत त्याचा पत्ताच नाही. हे भारतासाठी जाहीर करावं लागलं, यावरून आपल्याकडे काय चाललंय ते समजावं.

हुमणीवाल्याचा हेतू फसवण्याचा नव्हता, हे मला मान्य आहे. त्याने हाताशी होता तो फोटो लावला, इतर चॅनलवर चालतं तसं टायटल लावलं, रकाने आधीच भरलेले होते ते तसेच ठेवले. पण ऑगस्टमध्ये पिवळ्या उसाजवळ उभ्या असलेल्या माणसाला हेतू दिसत नाही. त्याला अळी दिसते आणि मग कडुलिंब दिसतो. पुढच्या वेळी याच चॅनलचं चांगलं काही समोर आलं तरी तो बोट लावणार नाही.

जुळवल्याने व्ह्यूज वाढतीलच, असं मी म्हणणार नाही. भुंगेरे गोळा करण्याचा व्हिडिओ बघणारे वर्षातून दीड-दोन महिनेच असतात, तेही ऊसपट्ट्यातच. नीट जुळवलेला व्हिडिओ जूननंतर थंडावेल आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा जागा होईल, कारण कीड दरवर्षी तेव्हाच बाहेर येते. जुळवण्याचा फायदा एवढाच की त्या दीड महिन्यात येणारा माणूस योग्य असेल आणि त्याला हवं ते मिळेल. शेतीचा व्हिडिओ करणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं, ते त्याने स्वतःला विचारावं.

तेव्हा शेतीचे व्हिडिओ करणाऱ्या सगळ्यांना विनंती. आज संध्याकाळी स्टुडिओ उघडा, `Upload defaults` मध्ये जा, तिथे कुणी कधी काय भरून ठेवलंय ते वाचा आणि भाषेच्या दोन्ही जागी मराठी करा. मग आपल्या शेवटच्या दहा व्हिडिओंची थंबनेलं त्या त्या व्हिडिओच्या चित्रणाशी ताडून बघा, आणि ज्यांच्यावर दुसऱ्याच महिन्यातलं पीक किंवा दुसऱ्याच अवस्थेतली कीड आहे ती बदलून टाका.